मदत हवी आहे: गृहकर्जाच्या हप्त्याच्या स्मरणसंदेशातील व्याज जुळते, पण शिल्लक जुळत नाही

मुक्ता

नमस्कार. माझ्या आणि थोरल्या भावाच्या नावावर चिंचवडच्या सदनिकेसाठी 30 लाखांचे गृहकर्ज आहे. मुदत 20 वर्षे, सुरुवातीचा व्याजदर 8.5 टक्के आणि हप्ता 26,035 रुपये. रक्कम 20 फेब्रुवारी 2024 रोजी एकरकमी मिळाली आणि पहिला हप्ता 5 एप्रिल 2024 रोजी गेला. हप्ता भावाच्या खात्यातून जातो आणि निम्मी रक्कम मी त्याला पाठवते, त्यामुळे दोघांनाही तीन दिवस आधी संदेश मिळावा अशी सोय मी गूगल शीटमधून केली आहे. सध्याचा संदेश असा जातो:

"हप्ता क्र. 19. देय दिनांक 5 ऑक्टोबर 2025. रक्कम 26,035. शिल्लक मुद्दल 29,08,483. आजवर भरलेले व्याज 3,77,113."

व्याजाचा आकडा या सूत्रातून येतो आणि भरलेल्या एकूण रकमेतून तो वजा करून मी मुद्दल काढते:

```
=-CUMIPMT(8.5%/12, 240, 3000000, 1, 18, 0)
```

परवा भावाने कर्जसंस्थेच्या संकेतस्थळावरून खातेउतारा काढला. त्यात सप्टेंबरच्या हप्त्यानंतरची शिल्लक 28,99,257 आणि आजवरचे व्याज 3,77,668 आहे. व्याजात फक्त 555 रुपयांचा फरक आहे, तो मी सोडूनही दिला असता. परंतु शिल्लक 9,226 रुपयांनी कमी कशी? दिवाळीत काही रक्कम आगाऊ भरायची की नाही हे भाऊ याच संदेशातला आकडा पाहून ठरवणार आहे, म्हणून तो चुकीचा जाऊ नये असे मला मनापासून वाटते. आम्ही अद्याप एकही रुपया आगाऊ भरलेला नाही आणि एकही हप्ता चुकलेला नाही.

दत्ता_नाशिक

हा दिवसांचा फरक असणार. कर्जसंस्था रोजच्या शिल्लकेवर व्याज लावतात आणि तुमचे सूत्र सगळे महिने सारखे धरते. 31 दिवसांच्या महिन्यात व्याज जास्त पडते, फेब्रुवारीत कमी. उताऱ्यातले आकडे तसेच उचला आणि सूत्राचा नाद सोडा.

अलका

माझी सदनिका बांधकाम चालू असतानाची आहे आणि कर्ज चार टप्प्यांत मिळाले. ताबा मिळेपर्यंत मी नुसते प्री-ईएमआय व्याज भरत होते. प्राप्तिकरासाठी दरवर्षी जो व्याजाचा दाखला मिळतो त्यात ते धरलेले होते, पण माझ्या वहीत नव्हते. मुक्ताताई, दाखल्यातलाच आकडा संदेशात घातला तर चालणार नाही का?

मुक्ता

अलकाताई, दाखला वर्षातून एकदा मिळतो आणि त्यात त्या एका आर्थिक वर्षाचेच व्याज असते. मला दर महिन्याला, पहिल्या दिवसापासूनची बेरीज हवी आहे. दत्ताजी, आमच्या करारात व्याज मासिक घटत्या शिल्लकेवर आहे असे स्पष्ट लिहिलेले आहे, त्यामुळे दिवसांचा हिशेब येथे लागू होईल असे वाटत नाही.

जुना_कर्जविभाग

मी अनेक वर्षे कर्जखात्यांच्या तक्रारी हाताळल्या आहेत. अशा वेळी एकच आकडा न पाहता दोन्ही फरक शेजारी शेजारी ठेवावेत. तुम्ही 18 हप्ते भरले, म्हणजे 4,68,630 रुपये. यातले जे व्याजाला गेले नाही ते मुद्दलाला गेले. म्हणून हप्त्यांमधून गेलेले व्याज 9,226 रुपयांनी कमी असेल, तरच शिल्लकही तेवढ्याच रुपयांनी कमी होईल. आगाऊ भरणा नोंदवायचा राहिला असता तर शिल्लकेतला फरक व्याजातल्या फरकापेक्षा खूप मोठा दिसला असता, पण दोन्ही आकडे कमीच दिसले असते. तुमच्याकडे शिल्लक कमी आणि व्याज मात्र किंचित जास्त आहे, याचा अर्थ दोन वेगळ्या गोष्टी राहून गेल्या असून त्या व्याजाच्या आकड्यात एकमेकींना झाकत आहेत.

पहिली गोष्ट दराची. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये रेपो दर फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये प्रत्येकी पाव टक्क्याने, तर जूनमध्ये अर्ध्या टक्क्याने कमी केला. तुमचा दर बदलता असेल आणि तिमाहीला फेरनिश्चिती होत असेल, तर एप्रिलपासून 8.25 आणि जुलैपासून 7.5 टक्के झाला असणार. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली जाते, म्हणून कर्जदाराला काही बदलल्याचे जाणवत नाही. CUMIPMT मात्र शेवटपर्यंत एकच दर धरते.

दुसरी गोष्ट अलकाताईंच्या बोलण्यात आलीच आहे. रक्कम 20 फेब्रुवारीला मिळाली, हप्त्याचा पहिला महिना 5 मार्चपासून धरला गेला. मधल्या 14 दिवसांचे व्याज वेगळे घेतले असेल: 30 लाखांवर 8.5 टक्क्यांनी, 365 दिवसांचे वर्ष धरून, 9,781 रुपये. यातून 9,226 वजा करून पाहा.

मुक्ता

555! मार्च 2024 च्या बँक उताऱ्यात 9,781 रुपयांची नोंद सापडली. मी ती प्रक्रिया शुल्क समजले होते. दर बदलल्याचे दोन लघुसंदेशही भावाच्या मोबाइलवर होते. हप्ता तोच राहिल्यामुळे त्याने ते पुढे पाठवले नाहीत. आता सूत्र कसे बदलावे?

जुना_कर्जविभाग

एका हप्त्याला एक ओळ करा. A मध्ये दिनांक, B मध्ये त्या महिन्याचा दर, C मध्ये भरलेली रक्कम, मग व्याज, मुद्दल, शिल्लक आणि G मध्ये आजवरचे एकूण व्याज. दुसऱ्या ओळीत फक्त D2 मध्ये 9781 आणि F2 मध्ये 3000000 लिहा. तिसऱ्या ओळीपासून:

```
D3: =ROUND(F2*B3/12, 0)
E3: =C3-D3
F3: =F2-E3
G3: =SUM(D$2:D3)
```

जुलै 2025 च्या ओळीत व्याज साधारण 18,267 आणि मुद्दल 7,768 यायला हवे. जूनमध्ये हेच मुद्दल 5,901 होते. ही उडी दिसली की दर योग्य ओळीपासून बदलला असे समजा. रुपया-दोन रुपयांचा फरक पैसे पूर्णांकात आणण्यामुळे राहू शकतो.

संदेशात शिल्लक कोणत्या दिवसाची आहे हेही लिहा. तुमचा संदेश 2 तारखेला जातो, तेव्हाची शिल्लक मागच्या हप्त्यानंतरची असते. काही बँका महिनाअखेरीस व्याज खात्यात नावे टाकतात आणि 5 तारखेला हप्ता जमा करतात. तेथे मधल्या दिवसांत शिल्लक वाढलेली दिसते आणि लोक उगाच घाबरतात.

दत्ता_नाशिक

माझे खाते रोजच्या शिल्लकेचे आहे, म्हणून तसे म्हणालो. पण हप्ता सुरू होण्याआधीचे व्याज "आजवर भरलेले व्याज" यात धरावे हे मला पटत नाही. त्याने कर्ज एका पैशानेही फिटलेले नाही.

जुना_कर्जविभाग

कोणत्या व्याजाने मुद्दल फिटते, दत्ताजी? खिशातून गेले ते व्याजच. तरीही वेगळे दाखवायचे असेल तर दाखवा, फक्त उताऱ्याशी ताडताना बेरीज करायला विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या 18 ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकानुसार दर तिमाहीअखेर संस्थेने आजवर वसूल केलेले मुद्दल व व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असलेले विवरण उपलब्ध करून द्यायचे आहे. ताडण्यासाठी तेच वापरा, म्हणजे दर बदलला तर तीन महिन्यांच्या आत कळेल.

मुक्ता

नवीन तक्ता तयार झाला. शिल्लक 28,99,257 आली. व्याजही 3,77,668 असे जुळले. 14 दिवसांचे व्याज मी बेरजेत ठेवले आहे, कारण भावाचेही मत तेच पडले. आता संदेशात "5 सप्टेंबरच्या हप्त्यानंतरची शिल्लक" असे लिहिले आहे.

एक गोष्ट मात्र अडते आहे. 7.5 टक्क्यांनी आणि याच हप्त्याने मोजले तर माझ्या तक्त्यात सुमारे 191 हप्ते उरतात, पण संकेतस्थळावर अजूनही 222 दिसतात. शिल्लक बरोबर असताना उरलेले हप्ते जुनेच कसे, याचे लेखी उत्तर मी मागितले आहे. कोणाला असा अनुभव आला असेल तर कृपया लिहावे.