मदत हवी आहे: सिरीज लॅम्प पूर्ण पेटतोय, शॉर्ट सापडत नाही

नवीन_वायरिंग
बाथरूमसाठी वेगळं सर्किट ओढलं आहे. चालू करण्याआधी सिरीज लॅम्प लावून बघितला तर दिवा लख्ख पेटतो, म्हणजे शॉर्ट आहे. सगळे बॉक्स दोनदा उघडून पाहिले, कुठेच वायरला वायर लागलेली नाही. आज संध्याकाळपर्यंत चालू करायचंच आहे. शॉर्ट नेमका कुठे शोधायचा, कृपया लवकर सांगा.

फेज_न्यूट्रल
आधी थोडी माहिती द्या. लॅम्पमध्ये दिवा कोणता, किती वॅटचा? लॅम्प कुठे जोडला आहे? सर्किटवर काय काय आहे आणि कोणते स्विच चालू होते? आरसीसीबी आहे का? एवढं कळल्याशिवाय शॉर्ट कुठे ते कोणीच सांगू शकणार नाही.

माळवाला
सिरीजमध्ये एक दिवा गेला की सगळी माळ बंद पडते. प्रत्येक दिवा काढून दुसऱ्या चालू माळेत लावून बघा, खराब असेल तो लगेच सापडतो. मी असंच करतो.

फेज_न्यूट्रल
ते शोभेच्या माळेबद्दल झालं. इथे फेजच्या वाटेत एक दिवा घालून सर्किट तपासायचं चाललं आहे.

थेट_एमसीबी
लॅम्पची भानगड कशाला? एमसीबी बसवा आणि चालू करा. शॉर्ट असेल तर पडेल, नसेल तर काम झालं. मी वर्षानुवर्षं असंच करत आलोय.

फेज_न्यूट्रल
पडेल, हे खरं. पण पडेपर्यंतच्या क्षणात शेकडो अँपिअर वाहून जातात. जिथे वायर टेकली असेल तिथे ठिणगी उडते, तांबं वितळतं आणि कधी कधी शॉर्टची जागाच जळून जाते, मग तो सापडत नाही. १०० वॅटचा दिवा मध्ये असेल तर पक्क्या शॉर्टमध्येही अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी करंट जातो. दिवा पेटतो, बाकी काही जळत नाही, तुम्ही निवांत शोधू शकता.

थेट_एमसीबी
माझ्याकडे एकदाही काही वितळलेलं नाही. एमसीबी असतो कशासाठी मग?

नवीन_वायरिंग
दिवा १०० वॅटचा, जुना पिवळा, तारेचा. एमसीबीच्या खालची वायर सोडवून मध्ये लॅम्प घातला, म्हणजे लॅम्पचं एक टोक एमसीबीला आणि दुसरं सुट्या वायरीला. आरसीसीबी डीबीत बसवला आहे, पण अजून जोडलेला नाही. सर्किटवर एक दिवा, एक एक्झॉस्ट आणि गीझरचा पॉइंट. सगळे स्विच चालू करून बघितलं, नाहीतर पुढची वायर तपासली कशी जाणार? लोड काहीच लावलेला नाही.

फेज_न्यूट्रल
गीझर भिंतीवर लावला आहे का?

नवीन_वायरिंग
हो, तो परवाच बसवला. पण तो प्लगने नाही, त्याच्या वायरी थेट बॉक्समध्ये जोडल्या आहेत. तो तर कायमचाच आहे.

फेज_न्यूट्रल
मग बहुधा शॉर्ट नाहीच, तो गीझर आहे. २००० वॅटच्या गीझरचं कॉइल साधारण २६ ओहमचं असतं. तुमचा १०० वॅटचा दिवा पूर्ण पेटल्यावर ५२९ ओहमचा. दोघे एकामागे एक जोडले की २३० पैकी जवळपास २२० व्होल्ट दिव्यावरच पडतात. लॅम्पच्या उजेडावरून मोठा लोड आणि शॉर्ट यांत फरक करता येत नाही. एक्झॉस्टसारखं लहान काही असतं तर दिवा मिणमिणता राहिला असता, म्हणून लोकांना वाटतं की लख्ख म्हणजे शॉर्टच.
मेन बंद करा आणि टेस्टरने खात्री करून घ्या. मग गीझरच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी सोडवून टोकं वेगवेगळी टेपने बांधा. होल्डरमधला बल्बही काढा, एक्झॉस्ट सोडवा, आणि पुन्हा बघा. लॅम्प विझलेला असला तरी पुढच्या वायरीत पूर्ण व्होल्टेज असतं, हात लावू नका. दिवा जेवढा करंट जाऊ देतो तेवढाही जीव घ्यायला पुरेसा आहे.

एलईडीचा_चाहता
पिवळे दिवे आता कोण वापरतं? ९ वॅटचा एलईडी लावा, वीजही वाचते.

फेज_न्यूट्रल
इथे नको. एलईडीच्या आत ड्रायव्हर असतो. लांब वायरींमधून जाणाऱ्या जराशा करंटनेही तो लुकलुकतो. टेस्ट लॅम्प म्हणून तारेचाच दिवा लागतो.

नवीन_वायरिंग
गीझर सोडवला, बल्ब काढला, एक्झॉस्टही सोडवला. सगळे स्विच चालू ठेवले तरी लॅम्प पूर्ण विझलेला! दोन तास बॉक्स उघडण्यात गेले आणि तसं काही नव्हतंच. आता सगळं जोडून चालू करतो.

थेट_एमसीबी
बघा, वायरिंग ठीक. उगाच वेळ गेला.

फेज_न्यूट्रल
थांबा. लॅम्प विझलेला राहतो तो वाट कुठेतरी तुटलेली असली तरीही. होल्डरमध्ये ६० वॅटचा तारेचा बल्ब लावून बघा. दोघेही अर्धवट पेटले तर निदान त्या होल्डरपर्यंतची फेज-न्यूट्रलची वाट नीट आहे.
दुसरं जास्त महत्त्वाचं. न्यूट्रल आणि अर्थिंग एकमेकांना टेकले असतील तर हा लॅम्प ते कधीच दाखवणार नाही, कारण तो फेजमध्ये आहे आणि फेजला कुठेही वाट सापडत नाही. त्यासाठी मेन बंद करून या सर्किटची न्यूट्रल लिंकमधून काढा आणि मल्टिमीटरच्या बीपवर न्यूट्रल-अर्थ तपासा.

त्रासलेला
आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. वायरमनने लॅम्पने तपासून दिलं, दिवा विझलेला, सगळं बरोबर. मग मिक्सर लावला की आरसीसीबी पडायचा. आठ दिवस मिक्सरच खराब समजत होतो.

नवीन_वायरिंग
६० चा बल्ब लावला, दोन्ही अर्धवट पेटतात. पण न्यूट्रल-अर्थला मीटर बीप करतोय.

फेज_न्यूट्रल
न्यूट्रल लिंकमधून काढली होती का? ती लिंकमध्ये असेल तर बीप येणारच, पुरवठ्याच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी न्यूट्रल आणि अर्थ एकत्रच असतात.

नवीन_वायरिंग
नव्हती काढली. आता काढून बघितलं, मेन बंद आहे. तरीही बीप येतो. गीझर अजून सोडवलेलाच आहे.

फेज_न्यूट्रल
मग खरा दोष आहे. जंक्शन बॉक्समध्ये न्यूट्रलची जोडणी उघडून एकेक फांदी वेगळी करा. ज्या फांदीवर बीप राहील तिथेच बघा.

मेगर_हवाच
मल्टिमीटर बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टेजवर तपासतो. ओलसर किंवा सोललेलं इन्सुलेशन त्याला दिसत नाही. ५०० व्होल्टचा मेगर लावल्याशिवाय नवीन वायरिंग चालू करूच नये.

फेज_न्यूट्रल
मेगर सर्वात चांगला, त्यात वाद नाही. पण आत्ता बीप येतोय, म्हणजे पक्का संपर्क आहे. तो आधी काढू. मेगर लावायचा झाला तर सगळी उपकरणं सुटी ठेवा.

नवीन_वायरिंग
सापडला. गीझरच्या लोखंडी बॉक्सची प्लेट ज्या स्क्रूने बसवली तो जरा लांब होता. आत गुंडाळून ठेवलेल्या काळ्या वायरीत घुसला होता. टोकावर तांब्याची चकाकी दिसतेय आणि इन्सुलेशनला बारीक भोक आहे. स्क्रू काढताच बीप बंद. आता तेवढा तुकडा कापून जोड द्यायचा की डीबीपासून नवीन न्यूट्रल ओढायची?

थेट_एमसीबी
टेप लावा, चालतं.

फेज_न्यूट्रल
गीझरच्या वायरीला टेप नको. बॉक्समध्ये वायर पुरेशी लांब असेल तर भोकाच्या मागून कापून सरळ टर्मिनलमध्ये घ्या, जोड लागतच नाही. किती लांबी शिल्लक आहे?