कोटेशनच्या मेलमध्ये छुपा ट्रॅकर: धंद्याची गरज की पाळत?

शिरोली_फाउंड्री: कोटेशन पाठवताना मी मेल ट्रॅकर चालू ठेवतो. पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं मेल 7 वेळा उघडलेला दिसतोय. म्हणजे त्याला माल हवाय. दर न सोडता ताणून धरू का? यात कुणाला काही गैर वाटतं का?

खरेदीवाला_उद्यमनगर: मला वाटतं. रात्री घरी मेल उघडला की सकाळी फोन येतो, "साहेब, काल कोटेशन बघितलंत ना?" ही सरळसरळ पाळत आहे. मी जीमेलमध्ये बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय दाखवू नको, असं करून ठेवलंय. आता त्यांना काहीच कळत नाही.

गुळाचा_व्यापार: आम्ही गुळाचे भाव मेलनं कळवतो तेव्हा वाचल्याची पोच मागतो. समोरच्याला विचारलं जातं, नको असेल तर तो देत नाही. मग लपूनछपून काय झालं?

मेल_सर्व्हर_राजारामपुरी: दादा, पोच वेगळी, हे वेगळं. इथं कुणी विचारत नाही. मेलच्या आत असली एक ओळ असते:

```
<img src="https://t.example.com/o.gif?id=8f3a21" width="1" height="1">
```

त्यातला id= च्या पुढचा आकडा प्रत्येक मेलला वेगळा. चित्र मागवलं गेलं की ती वेळ नोंदली जाते.

खरेदीवाले, चित्रं थांबवलीत की उघडल्याचं कळत नाही, हे बरोबर. पण ड्रॉइंगची लिंक दाबलीत की आधी त्यांच्या सर्व्हरवर जाऊन मगच फाइल उघडते. तिथं तुमचा आयपीही दिसतो. जीमेल 2013 पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं, त्यामुळे चित्रातून तो दिसत नाही.

आता फाउंड्रीवाले, त्या 7 वर दर ठरवू नका. गिऱ्हाइकानं मेल साहेबांना, स्टोअरला फॉरवर्ड केला तर तोच आकडा सोबत जातो आणि सगळ्यांचं उघडणं एकाच्या नावावर चढतं. ॲपलच्या मेलमध्ये 2021 पासून असलेलं संरक्षण चालू असेल, तर मेल न उघडताही चित्र आधीच आणलं जातं. वेळा बघा. पाठवल्यावर चार-पाच सेकंदांत उघडला आणि सगळ्या लिंका एका दमात दाबल्या गेल्या, तर ते बहुधा कंपनीचं व्हायरस तपासणारं यंत्र. दुपारी कधीतरी फक्त ड्रॉइंगची लिंक दाबली गेली असेल, तर माणूस असण्याची शक्यता जास्त.

शिरोली_फाउंड्री: बघितलं. पहिले 3 पाठवल्या मिनिटातलेच आहेत. पण पावणेचारला ड्रॉइंग उघडलंय, एकटंच. तेवढं धरून फोन करतो. ट्रॅकर काही बंद करणार नाही, कोटेशन काढायला माझे दोन दिवस जातात.

खरेदीवाला_उद्यमनगर: मग कोटेशनखाली तसं लिहा ना, भावा. लिहून पाठवलंत तर माझी हरकत नाही.

शिरोली_फाउंड्री: लिहिलं तर निम्मे लोक लिंकच दाबणार नाहीत.

खरेदीवाला_उद्यमनगर: तेच तर म्हणतोय मी. विचारलं तर नको म्हणतील, हे तुम्हाला माहीत आहे.