शब्दचर्चा : पेपरात ‘प्रसिद्ध’ झालेली जाहिरात ही प्रसिद्धी का नव्हे?

रेवा (बारावी, वाणिज्य): सराव परीक्षेतला उतारा देते. ‘एका मसाला उत्पादकाने दिवाळीआधी एसटी बसवर फलक लावले. 100 ग्रॅमच्या पाकिटावर 20 ग्रॅम जादा दिले. किराणा दुकानात एक मुलगी मिसळ चाखायला देई आणि गिऱ्हाइकांच्या शंकांना उत्तरं देई. एका दैनिकाने कारखान्यातल्या महिला कामगारांवर लेख छापला.’ यातली प्रमोशन मिक्सची, म्हणजे माल खपवण्याची चार साधनं ओळखायची होती : जाहिरात, विक्रयवृद्धी, व्यक्तिगत विक्री आणि प्रसिद्धी. फलक आणि जादा मसाला जमले. बाकी दोन्हींत गुण गेले. लेख पेपरात आला म्हणून मी जाहिरात लिहिलं होतं.

तुषार_एम: सोपं आहे. पैसे मोजले की जाहिरात, फुकट मिळालं की प्रसिद्धी.

नीलिमाताई: अर्धं बरोबर आहे, तुषार. पण जादा मसाल्याचा खर्चही कंपनीच करते आणि चाखायला देणाऱ्या मुलीचा पगारही. म्हणजे पैसे कंपनीच्या खिशातून गेले एवढ्यावरून चारांतलं एकही ठरत नाही. विचारायचं ते असं, की छापलेली जागा विकत घेतली होती का आणि मजकूर कोणाच्या हातात होता? पत्रकारांना कारखाना दाखवला, चहा-नाश्ता दिला, तर खर्च झालाच. पण लेख छापायचा की नाही आणि त्यात काय लिहायचं, हे संपादकाने ठरवलं. म्हणून ती प्रसिद्धी.

आणि मजकूर हातात नसला की तो उलटूही शकतो. जून 2015 मध्ये मॅगीवर देशभर बंदी आली तेव्हाच्या बातम्या आठवा. तीही प्रसिद्धीच, पण कोणती कंपनी ती मागून घेईल?

घोळ मराठीतला आहे. आपण ‘पेपरात जाहिरात प्रसिद्ध झाली’ असं सर्रास म्हणतो. तिथे ‘प्रसिद्ध’ म्हणजे नुसतं छापून आलेलं. परीक्षेतली ‘प्रसिद्धी’ वेगळी.

बापू_जळगाव: मग जाहिरातीत मोठी नटी घेतली तर प्रसिद्धी धरायची ना? नाव तिचंच गाजलेलं.

नीलिमाताई: नाही बापू. नटीला मानधन, वाहिनीला वेळेचे पैसे, मजकूर कंपनीचा. जाहिरातच.

रेवा (बारावी, वाणिज्य): आणि ती मुलगी? मी विक्रयवृद्धी लिहिलं, कारण चव फुकट होती. उत्तरपत्रिकेवर ‘व्यक्तिगत विक्री’ असा शेरा आहे.

सुधाकर_वितरक: मी साबणाच्या कंपनीचा माल फिरवतो. दुकानदाराला सांगतो, दहा पेट्या घे, एक फुकट. स्वतः जातो, समजावतो, ऑर्डर लिहून घेतो. माझ्या मते ही सगळी व्यक्तिगत विक्रीच.

नीलिमाताई: तुमच्यात दोन गोष्टी एकत्र आहेत, सुधाकरराव. समोर बसून त्याचं ऐकणं, ‘गेल्या महिन्याचा माल पडून आहे’ म्हटल्यावर कमी पेट्या सुचवणं, ही व्यक्तिगत विक्री. ‘दहावर एक’ ही स्कीम मात्र विक्रयवृद्धी. ती गिऱ्हाइकासाठीच असते असं नाही, व्यापाऱ्यासाठीही असते. कसोटी अशी : स्कीम महिनाअखेर बंद झाली तरी तुम्ही जाणारच ना? मग तुमचं जाणं वेगळं आणि स्कीम वेगळी.

रेवा, तुझ्या उताऱ्यातही तेच आहे. नुसती वाटी पुढे केली असती तर नमुना वाटप, म्हणजे विक्रयवृद्धी. पण ‘शंकांना उत्तरं देई’ हे शब्द मुद्दाम घातलेत. बोलणं दोन्ही बाजूंनी झालं. मी तपासत असते तर दोन्ही मान्य केलं असतं, पण उताऱ्यातले शब्द उचलून कारण लिहिलेलं हवं. ‘नमुना मोफत’ हे कारण लिहिलं होतंस का?

रेवा (बारावी, वाणिज्य): नाही, फक्त नाव लिहिलं.

तुषार_एम: म्हणजे बाई अर्धा गुण देतील. 😄 पण ताई, यूट्यूबवरचं काय? कंपनी खोकं पाठवते, यूट्यूबर ते उघडून दाखवतो. पैसे नाहीत, मजकूर त्याचा. तुमच्या कसोटीने प्रसिद्धी.

नीलिमाताई: जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांनुसार फुकट मिळालेली वस्तूही मोबदला धरली जाते आणि तसं ठळक सांगावं लागतं. त्या हिशोबाने जाहिरात.

सुधाकर_वितरक: पण वस्तू वाईट निघाली आणि त्याने तसं सांगितलं तर? कंपनी असली जाहिरात करून घेईल होय?

नीलिमाताई: हा आक्षेप खरा आहे. पैसे नाहीत, अट नाही आणि तो मनापासून नावं ठेवतोय, तर मी स्वतः प्रसिद्धीकडे झुकेन. सहकारी शिक्षकांशी माझं यावर जमत नाही. परीक्षेत असं आलंच तर उताऱ्यात ‘मोबदला’, ‘करार’ हे शब्द आहेत का ते आधी शोधा.

बापू_जळगाव: आमच्या गावात रिक्षावर भोंगा लावून ‘आज शेवटचा दिवस, साडी अर्ध्या किमतीत’ असं ओरडत फिरतात. ते काय म्हणायचं?

रेवा (बारावी, वाणिज्य): भोंगा जाहिरात, अर्धी किंमत विक्रयवृद्धी. बरोबर ना ताई?