नव्या मॅनेजरचा पहिल्या ९० दिवसांचा प्लॅन टीमला पाठवायचाय, कोणी बघेल का?

चाकणकर_०७: सोमवारी पाठवायचाय. साहेबांना दिलेला प्लॅनच ग्रुपवर टाकू का? पहिला महिना: काम समजून घेणे. दुसरा: ब्रेकडाउनचे तास ३० टक्के कमी करणे. तिसरा: शिफ्टची फेररचना. भाषा ठीक आहे का एवढंच सांगा.

पानाबहाद्दर: टीम कसली, किती जणांची? त्यातूनच वर गेलात की बाहेरून आलात?

चाकणकर_०७: प्रेस शॉपचं मेंटेनन्स. ११ टेक्निशियन, तीन शिफ्ट. बाहेरून. त्याने काय फरक पडतो?

सुलभा_नाशिक: सगळाच पडतो. ‘शिफ्टची फेररचना’ एवढं वाचलं की पुढचं कोणी वाचणार नाही. रात्रपाळी कोणाच्या गळ्यात आणि कोणाला काढणार, हीच चर्चा. आणि ३० टक्के कशाचे? आधी ब्रेकडाउन स्लिपा काढा. आमच्याकडे ऑपरेटर प्रेस थांबल्याची वेळ लिहायचा, फिटर स्वतः पोचल्याची. एकच बिघाड एका कागदावर ९० मिनिटं, दुसऱ्यावर ५०. मधली ४० मिनिटं नुसता निरोप पोचायला लागलेली! त्यात फिटरने काय कमी करायचं?

निनाद: लेखी काहीच देऊ नका, नंतर तोच कागद तोंडावर मारतात. चहावर बोला.

सुलभा_नाशिक: चहा पहिल्या शिफ्टसोबत होतो हो, रात्रपाळीला ऐकीव पोचतं. लेखीच द्या. फक्त कोण कसा आहे, ती तुमची मतं त्यात नकोत.

एक्सेलप्रेमी: गँट चार्ट करा. रंगीत फॉरमॅट आहे माझ्याकडे, व्यनि करा.

पानाबहाद्दर: शिफ्टच्या वेळा बदलणार की नुसती माणसं फिरवणार? वेळा बदलायच्या तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. एचआरला विचारल्याशिवाय ती ओळ टाकू नका.

चाकणकर_०७: ओळ काढली. आता असं चालेल?

‘पहिले ३० दिवस शिफ्ट, सुट्ट्या, ओव्हरटाइम आहे तसंच. प्रत्येकाशी त्याच्याच शिफ्टमध्ये अर्धा तास बोलेन, रात्रपाळीलाही येईन. स्लिपवर तीन वेळांची नोंद करू: मशीन थांबलं, आपण पोचलो, मशीन चालू झालं. दुसऱ्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ खाणारी एकच प्रेस धरू. कुठली, ते आकडे बघून सगळे मिळून ठरवू. ९० दिवसांनी काय झालं, काय राहिलं, दोन्ही बोर्डावर लावेन.’

सुलभा_नाशिक: छान. स्पेअर किती रुपयांपर्यंत तुमच्या सहीने मिळतात तेही टाका, पहिल्याच आठवड्यात विचारतील.

मीही_नवीन: पगारवाढ पहिल्या महिन्यात मागावी का?

चाकणकर_०७: दुसरा धागा काढा ना. माझा प्रश्न: साहेबांनी ३० टक्के वर कळवलेत. त्याचं काय?

सुलभा_नाशिक: महिनाभराच्या स्लिपा घेऊन जा, आकडा तेव्हा ठरवू म्हणा.

निनाद: साहेब असं ऐकतात होय? कुठल्या कंपनीत?