मदत हवी आहे: मेंटॉर उत्तरच देत नाहीत, मिडटर्म तोंडावर आलीय

सांगलीकर_सई
गूगल समर ऑफ कोडमध्ये निवड झालीय. काम सगळं घरूनच. सुरुवातीला मेंटॉर छान बोलले, आता एकदम गप्प. मी रात्री उशिरापर्यंत काम करते, पण त्यांना ते दिसतच नाहीये. मिडटर्मला पास-नापास तेच ठरवणार. रोज मेसेज टाकते. अजून काय करू? प्लीज लवकर सांगा.

निळूभाऊ
मेंटॉर कुठल्या देशात आहेत? मेसेज कुठे टाकतेस, खासगीत की प्रोजेक्टच्या चॅनलवर? आणि काय लिहितेस? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

चहाबाज
सरळ व्हिडिओ कॉल मागा. चेहरा दिसल्याशिवाय विश्वास बसत नाही. आमच्या ऑफिसात रोज दहा मिनिटांचा कॉल असतो, कॅमेरा चालू ठेवूनच.

सांगलीकर_सई
कॅलिफोर्निया. खासगीत. सकाळी दहाच्या सुमारास, "गुड मॉर्निंग सर, काम चालू आहे, एक शंका आहे" असं. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये जीपीएक्स फाइल आयात करायची सोय करतेय. कोड जवळजवळ पूर्ण आहे, माझ्या लॅपटॉपवर. साधारण १४०० ओळी. नीट झाला की एकदमच पुल रिक्वेस्ट टाकणार.

निळूभाऊ
आता चित्र स्पष्ट झालं. तुझे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात त्यांचे रात्रीचे साडेनऊ. दिवसभराची नोकरी करून ते हे काम स्वेच्छेने करत असतील, तर "एक शंका आहे" याला उत्तर म्हणून ते "विचार" एवढंच लिहू शकतात, आणि त्यात एक दिवस जातो. आपल्या रात्री साडेनऊला लिहिलंस तर त्यांचे सकाळचे नऊ असतात.

शंका विचारताना तुझा निर्णयही सोबत दे. समजा: "ट्रॅकमधल्या काही बिंदूंना वेळ दिलेली नाही. जीपीएक्समध्ये ती ऐच्छिक असल्याने मी असे बिंदू ठेवतेय. नको असतील तर एकच फंक्शन बदलावं लागेल. गुरुवारपर्यंत हरकत आली नाही तर असंच पुढे जाते." याला "हो" म्हणायला अर्धं मिनिट लागतं, आणि उत्तर नाही आलं तरी तू अडत नाहीस. मात्र मागे घेता येणाऱ्या गोष्टींपुरतंच हे चालतं. डेटा साठवायची रचना बदलणार असशील तर थांबायलाच हवं.

हे सगळं चॅनलवर लिही. मेंटॉर गैरहजर असले तरी दुसरं कुणी उत्तर देतं, आणि तुझं काम चार लोकांच्या नजरेत राहतं.

कमिट_किंग
एवढं कशाला? रोज कमिट करून पुश करा. गिटहबवर हिरवे चौकोन दिसले की मेंटॉर खूश. माझं असंच झालं.

निळूभाऊ
रोज पुश कर, हे बरोबर. पण फोर्कमधले कमिट मूळ रेपोत मर्ज होईपर्यंत त्या चौकोनांत मोजलेच जात नाहीत. मेंटॉर चौकोन नाही, पुल रिक्वेस्ट बघतात.

सई, १४०० ओळी एकदम टाकू नकोस. एवढं वाचायला सलग वेळ काढावा लागतो, मग ते "रविवारी बघतो" म्हणतात आणि रविवारही जातो. तीन भाग कर. आधी नमुना फाइली आणि त्या वाचणारा कोड, टेस्टसह. मग ट्रॅक नकाशावर काढणं. शेवटी मेन्यूतलं बटण. पहिला भाग आजच टाक, अर्धवट असेल तर ड्राफ्ट म्हणून. रिव्ह्यूत आलेल्या प्रत्येक मुद्द्याखाली तो कुठल्या कमिटमध्ये सुधारला ते लिही. पुढच्या वेळी त्यांना सगळं पुन्हा वाचावं लागत नाही. न भेटलेल्या माणसाचा विश्वास यातूनच बसतो.

चहाबाज
म्हणजे बोलायचंच नाही? लिहिण्यात सूर कळत नाही हो.

निळूभाऊ
कॉल जरूर मागावा, पण मुद्दे आदल्या दिवशी पाठवून. आणि काय ठरलं ते नंतर चॅनलवर लिहून.

आई_मोड_ऑन
माझ्या मुलाला कॉलेजसाठी इंटर्नशिपचं पत्र हवंय. मेंटॉर देतात का?

कमिट_किंग
ताई, त्यासाठी वेगळा धागा काढा.

सांगलीकर_सई
फाइली वाचण्याचा भाग काल रात्री टाकला, सुमारे २०० ओळी. को-मेंटॉरनी विचारलं, फाइल रिकामी असेल तर काय होतं? टेस्ट लिहून कमिटचा दुवा दिला. मुख्य मेंटॉर मात्र अजून गप्पच. प्रोग्रॅमच्या अ‍ॅडमिनला कळवू का? तक्रार वाटेल का?

निळूभाऊ
कळव, आणि मिडटर्मच्या आधीच. "मूल्यमापन कोण भरणार?" एवढंच विचार, पुल रिक्वेस्टचा दुवा जोड. ही तक्रार नाही.

कमिट_किंग
मी आणखी दोन दिवस थांबलो असतो. मेंटॉर दुखावले तर पुढचे सगळे आठवडे त्यांच्यासोबतच काढायचेत.

निळूभाऊ
दोन दिवसांत ते आजारी आहेत की सुट्टीवर, हे तिला कुणी सांगणार आहे का? अ‍ॅडमिनला ते माहीत असू शकतं.