अनुभव धागा: पुरवठादाराकडे थोडी वाढीव मुदत मागताना

येणे अडकले आणि पुरवठादाराचे बिल देय झाले, अशा वेळी काही दिवसांची मुदत आपण कशी मागितली आणि पुढे व्यवहार कसा राहिला, हे अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

छपाई व्यावसायिक: मोठ्या ग्राहकाचे येणे पुढे गेले, तेव्हा कागदाचे 30 दिवसांच्या उधारीचे बिल देय व्हायचे होते. देय तारखेच्या आदल्या आठवड्यातच मी पुरवठादारांना फोन केला आणि त्याच दिवशी पत्र पाठवले. बिलाचे 40 टक्के ठरल्या तारखेलाच देतो, उरलेले 60 टक्के त्यानंतर 21 दिवसांनी देतो आणि ही विनंती फक्त या बिलापुरती आहे, एवढेच त्यात होते. ग्राहकाने लेखी कळवलेल्या तारखेत थोडी भर घालून मी 21 दिवस धरले होते, कारण दुसऱ्यांदा मुदत मागावी लागली असती तर पहिल्या शब्दालाही किंमत उरली नसती. मधल्या काळातला कागद रोखीने घेतला, त्यामुळे त्यांची आमच्याकडची बाकी वाढली नाही. माझ्या मते होकार मिळाला तो मुख्यतः यामुळेच.

सुटे भाग बनवणारा: एवढे करण्याची गरज नाही. उशिराच्या दिवसांचे व्याज देऊ केले की कोणीही थांबतो, असा माझा अनुभव आहे.

वसुली विभागातील एक: व्याजाने उशिराची भरपाई होते, पण आमचे पगार आणि बँकेचा हप्ता त्या दिवशी व्याजातून भागत नाहीत, म्हणून अर्धी-निम्मी रक्कम वेळेवर येणे आम्हाला अधिक मोलाचे वाटते. शिवाय आम्ही ग्राहकांना देतो त्या उधारीचा विमा काढलेला आहे. बाकी ठरावीक दिवसांपलीकडे थकली की विमा कंपनीला कळवावे लागते, आणि तिने त्या ग्राहकाची उधारीची मर्यादा घटवली तर इच्छा असूनही उधारीवर माल देता येत नाही. देय तारखेआधी मागितलेली मुदत पॉलिसीच्या चौकटीत बसवता येते. तारीख उलटल्यावर ते अवघड होते. विक्री प्रतिनिधी तोंडी हो म्हणाला तरी लेखा विभागाची लेखी संमती जरूर घ्यावी, नाहीतर आमच्या संगणकात तुमचे बिल थकीतच दिसते आणि पुढची ऑर्डर आपोआप अडकते.

कापड पुरवठादार: माझा प्रश्न उलटा आहे. एक जुना ग्राहक दर महिन्याला अशीच विनंती करतो. अशा वेळी काय करावे?

वसुली विभागातील एक: दर महिन्याला होत असेल तर ती अडचण नसून त्यांची खरी मुदतच आहे, ती उघडपणे ठरवून त्याप्रमाणे दर लावा.

छपाई व्यावसायिक: मलाही एक विचारायचे आहे. कोणत्या ग्राहकाचे पैसे अडकले, हे मी पुरवठादारांना सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांची खात्री पटली असती, पण ग्राहकाची गोष्ट बाहेर गेली असती. इतरांनी काय केले?