मदत हवी आहे: स्लिंग सायक्रोमीटर आणि डिजिटल मीटर जुळत नाहीत

रंगारी_बाबू: सायक्रोमीटर फिरवलं की तक्त्यात हवेची आर्द्रता ७३ टक्के येते. डिजिटल मीटर ६१ दाखवतं. खरं कोणतं? टाकीच्या पत्र्याला रंग मारायचा आहे, माणसं खोळंबली आहेत. लवकर सांगा.

जुनाजाणता: तक्त्यातला आकडा नको, दोन्ही तापमाप्यांची वाचनं द्या. मीटरवर तापमान किती आहे? आणि ओल्या तापमापीच्या फुग्यावरची वात काढून दोघींची तुलना केली होती का?

रंगारी_बाबू: कोरडी ३०.०, ओली २६.०. मीटरवर ३०.८. तुलना कशाला? दोन्ही एकाच यंत्रातल्या आहेत.

पंखेवाला: फिरवायची भानगडच सोडा. टेबलफॅनसमोर धरा, हात दुखत नाहीत. मी कायम तसंच करतो.

जुनाजाणता: जोरदार वारा थेट ओल्या वातीवर येत असेल तर चालेल. सेकंदाला तीनेक मीटर तरी वेग हवा. मंद झुळकीत ओली तापमापी पूर्ण उतरत नाही आणि आर्द्रता खोटी जास्त दिसते. पण इथे आधी तापमाप्या तपासा. बाबू, वात काढा, दोन्ही फुगे कोरडे पुसा, थोडा वेळ फिरवा आणि वाचा.

रंगारी_बाबू: कोरडी ३०.०, दुसरी ३१.०. च्यायला!

गणितप्रेमी: मग सोपं आहे. ओली १ अंशाने जास्त दाखवते. २६ मधून १ वजा करा. ३० आणि २५ ला तक्ता ६७ देईल. झालं काम.

जुनाजाणता: ओलीच चुकते हे कशावरून? मीटर ३०.८ सांगतंय, म्हणजे संशय कोरडीवर जातो. बर्फ बारीक कुटा, त्यात थोडं शुद्ध पाणी घालून लगदा करा, दोन्ही फुगे त्यात बुडवा आणि पारा स्थिरावला की वाचा.

गणितप्रेमी: कोरडी चुकत असली तरी फरक पाचच राहतो. ३१ आणि २६ ला पण ६७ च येतात. उगाच बर्फाचा खटाटोप!

जुनाजाणता: आर्द्रतेपुरतं बरोबर आहे तुमचं. पण याला रंग मारायचाय, म्हणजे दवबिंदू लागणार. ३० आणि २५ ला दवबिंदू २३ च्या आसपास, ३१ आणि २६ ला २४ च्या वर. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवा, हा रंगकामातला नेहमीचा नियम. तिथे एका अंशाने काम अडतं.

घरची_ओल: आमच्या भिंतीवर बुरशी येते. हे यंत्र घेतलं तर ओल कमी होईल का?

पंखेवाला: पंखा लावा.

रंगारी_बाबू: बर्फात कोरडी उणे १.०, दुसरी बरोबर शून्यावर. म्हणजे कोरडीच चोर! आता बघतो तर तिची नळी पट्टीवरून खाली घसरली आहे, बांधणीची तार ढिली आहे.

जुनाजाणता: फिरवताना नळी बाहेरच्या बाजूला ओढली जाते, म्हणून सगळीकडेच सारखं कमी वाचते. नळी वर सरकवून तार आवळा आणि परत बर्फात बघा. शून्य जमलं तरी ३० च्या आसपास पाण्यात बुडवून एकदा दोघींची तुलना करा. आता वातीचं बोला: कधी बदलली, पाणी कुठलं?

रंगारी_बाबू: वात पहिल्यापासून तीच आहे. पाणी नळाचं.

जुनाजाणता: हात लावून बघा, करकरीत लागेल. क्षार आणि हाताचं तेल बसलं की वात नीट भिजत नाही, फुगा हवा तेवढा थंड होत नाही. नवी सुती वात, शुद्ध पाणी, तेही हवेच्याच तापमानाचं. अर्धा मिनिट जोरात फिरवा, थांबताच आधी ओली वाचा, मग कोरडी. फुगे तोंडापासून लांब धरा, श्वास लागला तरी आकडा चढतो. लागोपाठ दोन वाचनं सारखी येईपर्यंत फिरवत राहा.

रंगारी_बाबू: तार आवळली, वात बदलली. आता ३१.० आणि २५.२. तक्त्यात ६३, दवबिंदू २३. मीटर अजून ६१ वरच आहे. कोणाचं मानू?

गणितप्रेमी: दोन टक्क्यांसाठी भांडू नका. अर्धा अंश चुकला तरी इथे तीनेक टक्के हलतात.

पंखेवाला: मीटरच खरं. आता सगळीकडे तेच वापरतात.

जुनाजाणता: मीटर कधी तपासलंय ते कळल्याशिवाय मी तरी सायक्रोमीटर सोडणार नाही. बाकी रंगाला ६१ काय नि ६३ काय. पत्र्याचं तापमान मोजलंय का? उन्हातल्या बाजूचं नको, सावलीतल्या बाजूला अगदी तळाशी मोजा, पत्रा तिथेच सगळ्यात थंड असतो.

रंगारी_बाबू: तिथे २५.५. म्हणजे अडीचच अंश?

जुनाजाणता: हो. त्या बाजूला आत्ता ब्रश लावू नका.